पाडव्याची रांग आणि तीनदा गेलेलं नेट

पाडव्याच्या सकाळी डेअरीच्या दुकानात बाहेरचा माणूस उभा करून चालत नाही, घरचाच लागतो. साताऱ्यात माझ्या आतेभावाचं, म्हणजे दादाचं, दूध-दह्याचं दुकान आहे. पाडव्याला सकाळी सातपासून अकरापर्यंत मी तिथं गल्ल्याच्या डाव्या बाजूला उभा असतो. श्रीखंड तोलायला नाही; ते खातं वहिनीचं, आणि तिथं कुणी हात घातलेला तिला खपत नाही. माझ्याकडे यंत्रं असतात. माझा धंदाच दुकानांमधून बिलिंगचे टॅब आणि प्रिंटर बसवून देण्याचा, त्यामुळे सणाच्या दिवशी मला फुकटात राबवून घेण्याचा हक्क दादानं स्वतःकडे घेतलेला आहे.

गेल्या पाडव्याला त्या चार तासांत 'नेट गेलं!' अशी आरोळी मी तीनदा ऐकली. तिन्ही वेळा वेगळंच काहीतरी गेलं होतं. त्यातल्या दोन वेळा तर नेट ठणठणीत होतं.

दुकानात चार यंत्रं आहेत, आणि कुठल्याही बेताच्या दुकानात साधारण हीच असतात. बिल करायचा टॅब, बिलाची पट्टी काढणारा छोटा थर्मल प्रिंटर, कार्डाचं स्वाइप मशीन, आणि 'अमुक रुपये प्राप्त झाले' असं ओरडणारा साउंडबॉक्स. काचेवर चिकटवलेला क्यूआर कोड मी यंत्रात धरत नाही. तो छापील कागद आहे. त्याला वीज लागत नाही, नेट लागत नाही. ही गोष्ट पुढं कामाला येणार आहे.

ही चारही यंत्रं एकमेकांशेजारी बसतात म्हणून ती एकाच दोरीला बांधलेली आहेत असं आपण धरून चालतो. तसं नसतं. टॅब आणि प्रिंटर दुकानातल्या राउटरमार्फत आपापसात बोलतात. टॅबला बाहेरच्या जगाशी बोलायचं तर राउटरच्या पुढं फायबरची तार लागते. साउंडबॉक्सच्या पोटात स्वतःचं सिम असतं, त्याला राउटरशी देणंघेणं नसतं. स्वाइप मशीन दोन्ही डगरींवर पाय ठेवून असतं: वायफाय मिळालं तर वायफाय, नाहीतर आतलं सिम. तेव्हा 'नेट गेलं' म्हणजे नेमकी कुठली वाट बंद झाली, हे ठरवल्याशिवाय हात चालवायचा नाही. आणि हे ठरवायला तुमच्याकडे असतो तो एक गिऱ्हाईक पिशवी उचलून पुढच्याला जागा करून देतो तेवढा वेळ. वीस-तीस सेकंद.

पहिली आरोळी पावणेआठला झाली. टॅबवर बिल होत होतं, पट्टी निघत नव्हती. पुतण्या थेट राउटरकडे निघाला, प्लग उपटायला. मी त्याचा हात धरला.

राउटर बंद-चालू करणं हा आपल्याकडचा सगळ्या रोगांवरचा काढा आहे, आणि बऱ्याचदा तो लागूही पडतो. पण दुकान भरलेलं असताना तो शेवटी घ्यायचा. एक तर राउटर आणि फायबरची डबी पुन्हा पुरती जागी व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात रांग रस्त्यावर जाते. दुसरं म्हणजे त्याच क्षणी शेजारी कुणाचं कार्ड वायफायवरून मंजूर होत असेल, तर तो व्यवहार तुम्ही अर्ध्यात तोडता आणि मग पैसे कापले की नाही याचा वाद गळ्यात घेता. तिसरं कारण त्या सकाळच्या बिघाडातच दडलेलं होतं.

मी आधी टॅबच्या वरच्या पट्टीकडे पाहिलं. तिथं वायफायची पंख्यासारखी खूण असते. खूणच नसेल तर टॅब राउटरपासून तुटला. खूण आहे पण तिच्याजवळ छोटं उद्गारचिन्ह आहे, तर टॅब राउटरला जोडलेला आहे पण राउटरच्या पलीकडचं जग गायब आहे. नुसती स्वच्छ खूण असेल तर नेटला दोष देऊ नका. खूण स्वच्छ होती. बघायला दोन सेकंद गेले.

म्हणजे अडलं होतं टॅब आणि प्रिंटरच्या मध्ये. आता इथं बहुतेक दुकानदारांना पटत नाही अशी एक गोष्ट: पट्टी काढायला इंटरनेट लागत नाही. टॅब आणि प्रिंटर एकाच राउटरवर असले की त्यांचं बोलणं दुकानातल्या दुकानात होतं. बाहेरची तार कुणी कापून नेली तरी पट्टी निघायला हवी. त्यामुळे पट्टी निघत नाही म्हणून नेट कंपनीला फोन करणं म्हणजे चूल पेटत नाही म्हणून नळवाल्याला बोलावणं.

प्रिंटरची विचारपूस करायची एक सोपी रीत आहे. तो बंद करायचा, कागद पुढं सरकवायचं बटण दाबून धरायचं, आणि दाबलेलं असतानाच चालू करायचा. बहुतेक थर्मल प्रिंटर अशा वेळी स्वतःची माहिती छापून देतात. पट्टीच निघाली नाही तर दुखणं कागदाचं किंवा विजेचं. निघाली तर प्रिंटर धडधाकट आहे, आणि त्या पट्टीवर त्याचा पत्ताही छापलेला असतो. आमच्या पट्टीवर होता `192.168.1.107`. टॅबच्या बिलिंग ॲपमध्ये प्रिंटरच्या सेटिंगला पत्ता होता `192.168.1.103`. टॅब बिचारा सकाळपासून 103 नंबरचं दार ठोठावत होता. त्या दारामागे होता पुतण्याचा मोबाइल.

असं का झालं, ते राउटरला लॉजचा मॅनेजर मानलं की कळतं. दुकानात जे यंत्र चालू होईल, त्याला तो एक खोली देतो. खोली कायमची नसते, मुदतीची असते, पण तेच तेच पाहुणे येत राहिले तर तो सहसा जुनीच खोली देतो. आदल्या संध्याकाळी लाईट गेली होती. राउटर बंद पडला, आणि स्वस्तातल्या राउटरचा मॅनेजर लाईट गेली की आपलं रजिस्टर विसरतो. सकाळी आधी आत आला मोबाइल, मग कॅमेऱ्याचं रेकॉर्डर, आणि शेवटी प्रिंटर. जो आधी आला त्याला आधीची खोली. राउटर पुन्हा बंद-चालू केला असता तर सगळ्या खोल्या परत नव्यानं वाटल्या गेल्या असत्या. प्रिंटर नशिबानं 103 वर आलाही असता. नसता तर आणखी दोघेचौघे हरवले असते.

मी टॅबमध्ये 103 च्या जागी 107 लिहिलं, चाचणीची पट्टी काढली, आणि अडकलेली सहा बिलं एकापाठोपाठ खडखडत बाहेर आली. त्यातली चार गिऱ्हाईकं केव्हाच घरी पोचली होती.

कायमचा इलाज त्याच रात्री केला: राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरच्या नावावर एक खोली राखीव करून टाकली. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते दुकान बंद असताना करायचं. तुमचा प्रिंटर पट्टीवर `169.254` पासून सुरू होणारा पत्ता छापत असेल, तर त्याला राउटरनं खोलीच दिलेली नाही. अशा वेळी आधी मागची वायर दाबून बघा, नव्वद टक्के तीच ढिली असते असं माझं आपलं अनुभवाचं मत. आणि प्रिंटर ब्लूटूथचा असेल तर दुकानात अजून कुणाच्या फोनशी तो जोडला गेलाय का ते विचारा. स्वस्तातले ब्लूटूथ प्रिंटर एका वेळी एकाचंच ऐकतात.

दुसरी आरोळी वहिनीची. साडेआठच्या सुमाराला एका काकांनी क्यूआर स्कॅन केला, फोनवर हिरवी बरोबरची खूण दाखवली, आणि साउंडबॉक्स गप्प. वहिनी म्हणाली, "पैसे आले नाहीत हो." काका म्हणाले, "माझ्या खात्यातून गेले की." रांगेत मागं कुणीतरी घसा खाकरला.

या प्रसंगी कोण खरं बोलतं हे ठरवण्याआधी पैसे कुठल्या वाटेनं जातात ते पाहू. काकांनी पिन टाकला की त्यांच्या ॲपचा निरोप नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यूपीआय यंत्रणेकडे जातो. तिथून त्यांच्या बँकेला 'एवढे काढा' आणि दुकानाच्या बँकेला 'एवढे घाला' असं सांगितलं जातं. या सगळ्या वाटेत दुकानाचं राउटर नाही, टॅब नाही, साउंडबॉक्सही नाही. पैसे जमा झाल्यावर क्यूआर देणारी कंपनी साउंडबॉक्सला वेगळा निरोप धाडते आणि तो ओरडतो. म्हणजे साउंडबॉक्स हा मुनीम नव्हे, दवंडी पिटणारा आहे. दवंडी पिटली नाही म्हणजे पैसे आले नाहीत असं नाही.

पण काकांच्या फोनवरची हिरवी खूणही पुरावा नव्हे. हुबेहूब तशी खूण दाखवणारी खोटी ॲप फिरत असतात, आणि त्यांना गर्दीचा दिवसच आवडतो. पुरावा एकच: दुकानदाराच्या स्वतःच्या फोनमधल्या व्यापारी ॲपची यादी. तीही दुकानाच्या वायफायवर विसंबून नाही, फोनच्या मोबाइल डेटावर उघडलेली. पाडव्याला मी तो फोन वहिनीच्या हाताशी, काट्याच्या शेजारी उभा करून ठेवतो.

यादीत 180 रुपये होते. पण तेवढ्यावर थांबायचं नाही, आणि हा सणाच्या दिवसाचा खास सापळा आहे. पाडव्याला जो तो अर्धा किलो श्रीखंड नेतो. दादाकडे त्याचे 180 रुपये. म्हणजे यादीत ओळीनं 180, 180, 180. काकांचे 180 कुठले? यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला 12 आकडी क्रमांक असतो आणि तो दोन्ही बाजूंना एकच असतो. काकांना व्यवहारावर बोट ठेवून तो उघडायला सांगितला, शेवटचे चार आकडे मोठ्यानं वाचायला सांगितले. आमच्या यादीत वरून दुसरी ओळ. जमलं. पंधरा सेकंद. काकांची माफी मागितली, वरून वहिनीनं छोटी वाटी आम्रखंड चाखायला दिली.

आणि मग, दहा मिनिटांनी, गप्प बसलेला साउंडबॉक्स एकदम बोलता झाला. "एकशे ऐंशी रुपये प्राप्त. एकशे ऐंशी रुपये प्राप्त. तीनशे साठ रुपये प्राप्त." त्याची रेंज गेली होती, ती आल्याबरोबर साठलेले निरोप त्यानं ओकून टाकले. माझ्या मते साउंडबॉक्स गप्प असण्यापेक्षा हे जास्त धोक्याचं. कारण त्या घटकेला काउंटरसमोर जो उभा होता त्यानं अजून पैसे दिलेच नव्हते, आणि त्याचंही बिल 180 होतं. वहिनीनं मान डोलावून पिशवी पुढं केलीसुद्धा. तो माणूस भला, त्यानं स्वतःच सांगितलं, "ताई, मी अजून स्कॅन करायचोय." साउंडबॉक्स काही वेळ गप्प राहून पुन्हा बोलू लागला की पुढची पाच-दहा मिनिटं त्याच्या आवाजावर माल सोडायचा नाही, यादी बघायची.

तो गप्प का झाला होता? वहिनीनं जागा करण्यासाठी त्याला श्रीखंडाच्या स्टीलच्या पातेल्यांमागं, डीप फ्रीजरच्या कडेला सरकवलं होतं. तीन बाजूंनी पत्रा आणि मागं भिंत. छोट्या सिमवाल्या डबीला अशी जागा म्हणजे तळघर. बहुतेक साउंडबॉक्सवर बटण दाबलं की तो नेटवर्क आणि बॅटरीची हालत बोलून दाखवतो. ते ऐकायचं, मग डबी काचेजवळ हातभर पुढं आणायची, पुन्हा ऐकायचं. आमचा प्रश्न त्या हातभर अंतरातच सुटला. नेट? नेट चालूच होतं.

तिसऱ्या वेळी मात्र ते खरंच गेलं.

सव्वानऊला दुकानासमोरून शोभायात्रा गेली. ढोल, लेझीम, आणि एका गाडीवर उंच बांबूला बांधलेला भगवा. आमची फायबरची तार रस्त्यावरून विजेच्या खांबाला लटकत येते. बांबू तिला लागला असावा. मी पाहिलं नाही, पण यात्रा पुढं सरकली आणि टॅबवर उद्गारचिन्ह आलं.

नेमके त्याच वेळी एक निवृत्त गुरुजी कार्डानं पैसे देत होते. चार किलोंची ऑर्डर, वर पेढे, 1,960 रुपये. कार्ड मशीनमध्ये घातलं, पिन टाकला, मशीन 'थांबा' म्हणालं, बराच वेळ थांबवलं, आणि पडद्यावर `TIMEOUT` दाखवून मोकळं झालं. पट्टी नाही. इतक्यात गुरुजींच्या फोनवर बँकेचा मेसेज: 1,960 रुपये खात्यातून वजा.

इथं दोन कामं असतात, आणि लोक ती उलट्या क्रमानं करतात. मशीन का अडलं हे नंतर. आधी समोरच्या माणसाचे पैसे.

कार्ड लगेच दुसऱ्यांदा घालायचं नाही. स्वाइप मशीनच्या मेनूत शेवटच्या व्यवहाराची पट्टी पुन्हा काढायची सोय असते. ती काढली तर तिच्यावर गुरुजींच्या आधीच्या बाईंचा व्यवहार होता. म्हणजे मशीनच्या हिशेबी गुरुजींची विक्री झालेली नाही. मग पैसे कापले कसे? बँकेकडे मागणी पोचली होती, तिनं पैसे बाजूला काढले, 'मंजूर' असं उत्तरही पाठवलं, पण ते उत्तर आमच्यापर्यंत येईतो तार तुटली. अशा वेळी मशीन आपलं आपण 'तो व्यवहार रद्द करा' असा निरोप तयार करून ठेवतं, आणि जोडणी परत आली की तो आधी धाडतं. तो पोचला की पैसे परत फिरतात. तो निरोपही कुठं अडकला तरी रिझर्व्ह बँकेनं मर्यादा घालून दिलेली आहे. 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, दुकानात कार्ड वापरलं, पैसे कापले आणि दुकानात पोच मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ते आपोआप परत जमा व्हायला हवेत. त्यापुढं प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकानं न मागता. दुकानात यूपीआयनं दिलेल्या आणि पोच न मिळालेल्या पैशांनाही हीच मुदत आहे.

दुकानदारानं अशा वेळी गिऱ्हाइकाला स्वतःच्या गल्ल्यातून पैसे परत देऊ नयेत. मग बँकेचे आणि तुमचे असे दोनदा जातात. द्यायची ती एक चिठ्ठी: तारीख, वेळ, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि मशीनचा टर्मिनल क्रमांक. तक्रार करायची वेळ आली तर बँक हेच विचारते. मी ती लिहून दिली. गुरुजींनी चष्मा वर करून ती दोनदा वाचली, शुद्धलेखन तपासलं असावं, आणि खिशात घातली. पैसे त्यांनी दुसऱ्या बँकेतून फोननं, क्यूआर स्कॅन करून दिले. तो चालला, कारण मघाशी म्हटल्याप्रमाणे काचेवरचा कागद आमच्या तारेवर अवलंबूनच नाही. टॅबच्या पडद्यावर दर बिलाला नवा क्यूआर येणारी दुकानं असतात, त्यांचा मात्र टॅबबरोबर क्यूआरही जातो. त्यांनी छापील कोड एक कपाटात ठेवावा.

आता मशीन. ते का अडलं? कारण ते वायफायला चिकटून होतं. वायफाय होतंच, राउटर जिवंत होता, फक्त त्याच्या पुढं काही नव्हतं. मशीनला जोडणीची खूण पुरते. बरीचशी मशीनं पलीकडे वाट आहे का हे बघत नाहीत आणि आपण होऊन सिमवर जात नाहीत. मेनूत जाऊन वायफाय बंद केलं, मशीननं सिमची रेंज धरली, आणि पुढचं कार्ड सरळ चाललं.

एक गोष्ट मी प्रत्येक दुकानात सांगतो. मशीननं कार्ड नाकारलं म्हणजे जोडणी गेली असं नव्हे. उलट बहुतेक नकार हे जोडणी शाबूत असल्याचा पुरावा असतात. 51 म्हणजे खात्यात पैसे अपुरे, 55 म्हणजे पिन चुकला. हे उत्तर बँकेकडून आलेलं आहे, म्हणजे निरोप तिथं जाऊन परत आला. 91 आलं तर कार्ड देणारी बँक किंवा मधला स्विच बंद आहे; दुसऱ्या बँकेचं कार्ड मागा, मशीनला हात लावू नका.

राउटरशेजारच्या फायबरच्या डबीवर `LOS` असं लिहिलेला दिवा लाल लुकलुकत होता. एरवी तो विझलेला असतो आणि `PON` चा हिरवा दिवा स्थिर असतो. लाल `LOS` चा अर्थ एकच, तारेतून प्रकाश येत नाही. डबी पन्नास वेळा बंद-चालू करा, तुटलेली काच सांधली जात नाही. मागची पिवळी किंवा हिरव्या टोकाची वायर नीट बसली आहे ना एवढं बघायचं आणि कंपनीला फोन करायचा. तोच दिवा विझलेला असून नेट नसेल, तर मात्र बंद-चालू करून बघायला हरकत नाही: आधी फायबरची डबी, तिचा हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत दम धरायचा, मग राउटर, मग बाकीचे.

फोन केला, माणूस दुपारी येतो म्हणाला. टॅबला नेट नव्हतं, पण बिलं होत होती आणि पट्ट्या निघत होत्या, कारण त्यांना नेट लागतच नाही. बिलं टॅबच्या पोटात साठत होती आणि नेट आल्यावर वर जाणार होती. अशा वेळी ॲपमधून बाहेर पडायचं नाही, त्याचा डेटा पुसायचा नाही, काढून पुन्हा टाकायचं तर मुळीच नाही. माझ्या ओळखीच्या एका किराणावाल्यानं 'ॲप अडकलं' म्हणून ते काढून नवं टाकलं. नवं ॲप छान चाललं. त्याच्या आधीच्या तीन तासांची बिलं कुठंच नव्हती. गल्ल्यात पैसे होते, पण ते कशाचे ते सांगणारं कुणी नव्हतं.

पुतण्याला वाटलं फोनचा हॉटस्पॉट चालू करावा. करता येतो, आणि एक चलाखी आहे: हॉटस्पॉटला दुकानाच्या वायफायचंच नाव आणि तोच पासवर्ड दिला आणि राउटर बंद केला, तर टॅब सहसा काही न विचारता त्यावर येऊन बसतो. फक्त बँड 2.4 निवडायचा, जुनी मशीनं 5 वाला ओळखत नाहीत. पण नवीन लॉज म्हणजे नवीन खोल्या. प्रिंटर पुन्हा हरवतो. आमच्याकडे पट्ट्या निघत होत्या आणि बिलं साठत होती, मग हॉटस्पॉट कशाला? मी तो करू दिला नाही. अकरापर्यंत तसंच चालवलं.

कधी कधी बिघाड दुकानात नसतोच. 12 एप्रिल 2025 ला देशभर यूपीआय अडखळत होतं. ते ओळखायची खूण अशी: लागोपाठ दोन-तीन गिऱ्हाइकं, वेगवेगळ्या बँकांची, वेगवेगळ्या सिमची, आणि सगळ्यांचं अडतं. मग यंत्रांना हात न लावता रोख मागायची. त्या दिवसाबद्दल पुढं जे बाहेर आलं ते मजेशीर आहे: बँकांच्या यंत्रणा 'त्या व्यवहाराचं काय झालं?' असं पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, आणि त्या चौकश्यांच्या गर्दीनंच मुख्य यंत्रणा तुंबली. काउंटरवर अडलेलं कार्ड चारदा घालणारा आणि अडलेला क्यूआर सहादा स्कॅन करणारा माणूस छोट्या प्रमाणात तेच करत असतो.

फायबरवाला दुपारी तीनला आला, खांबावर चढला, तार सांधली. टॅबवरचं उद्गारचिन्ह गेलं आणि साठलेली 94 बिलं मिनिटाभरात वर गेली. संध्याकाळी मी प्रिंटरच्या वर एक कागद चिकटवला: प्रिंटरचा पत्ता, मशीनचा टर्मिनल क्रमांक, मशीनच्या कंपनीचा आणि फायबरवाल्याचा फोन. तुमच्याही दुकानात तो आजच चिकटवा, कारण ज्या दिवशी लागतो त्या दिवशी तो शोधायला वेळ नसतो.

गुरुजींचे 1,960 रुपये चौथ्या दिवशी परत जमा झाले. हे त्यांनी स्वतः दुकानात येऊन दादाला सांगितलं, पाव किलो चक्का घेतला, आणि पैसे रोख दिले.